नऊवारी आणि सहावारी : नेसण्यातील दृश्य भेद आणि जुन्या चित्रांचे वाचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाच्या इतिहासाची मांडणी करताना लिखित साधनांबरोबरच छायाचित्रे, शिळाछाप आणि रंगचित्रे यांचा वापर अलीकडे वाढला आहे. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत विद्यार्थी घरोघरी जाऊन जुने कौटुंबिक फोटो जमवितात व त्यांखाली माहितीची ओळ लिहितात. त्या ओळीत 'नऊवारी लुगडे नेसलेली स्त्री' हे शब्द हमखास येतात. परंतु हा निर्णय कशावरून घेतला, असे विचारल्यास उत्तर बहुधा नथ, ठसठशीत कुंकू, खोपा किंवा डोक्यावरचा पदर असे मिळते. यांपैकी एकाही गोष्टीचा नेसण्याच्या पद्धतीशी अनिवार्य संबंध नाही. नथ आणि खोपा सहावारीवरही शोभतात, आणि डोक्यावरून पदर दोन्हींत घेता येतो.

प्रस्तुत लेखात नऊवारी व सहावारी या दोन नेसण्यांमधील फरक डोळ्यांना नेमका कोठे दिसतो, तो तेथेच का दिसतो आणि जुन्या चित्रांतून तो वाचताना कोणत्या मर्यादा येतात, याचा विचार केला आहे. हा फरक मुख्यतः लांबीचा नसून काठाने शरीरावर घेतलेल्या वाटेचा आहे आणि त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पाठीमागे असतो, हे या विवेचनाचे सूत्र आहे. अडचण अशी की, जुन्या काळच्या कॅमेऱ्यासमोर स्त्रिया बहुधा समोर तोंड करून बसल्या.

वार आणि नेसणे

वार म्हणजे ३६ इंच. त्या हिशेबाने नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर आणि सहा वार म्हणजे सुमारे ५.४९ मीटर. दोन्हींत फरक तीन वारांचा, म्हणजे पावणेतीन मीटरांचा. मराठी घरांतून सहावारीलाच 'पाचवारी' म्हणण्याची पद्धतही आहे. यावरून एवढे दिसते की, बोलीभाषेत हे शब्द मापाचे राहिले नसून नेसण्याच्या पद्धतीची नावे झाले आहेत. कापडाला 'लुगडे' आणि 'पातळ' असे वेगळे शब्द होते. पातळ गोल नेसले जाई, म्हणून 'गोल पातळ' हा शब्दप्रयोग रूढ झाला. शास्त्री परंपरेत हाच भेद 'सकच्छ' आणि 'विकच्छ' या शब्दांनी सांगितला जातो. कच्छ म्हणजे कासोटा, अर्थात दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेला वस्त्राचा भाग. या जुन्या शब्दांत वारांचा उल्लेखच नाही आणि ते अधिक अचूक आहेत, असे म्हणावे लागते.

लांबीवरून नेसणे ठरत नाही, याचे एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. तमिळ ब्राह्मण स्त्रियांचे मडिसार हेही साधारण नऊ वारांच्याच साडीचे नेसणे आहे आणि त्यातही कासोटा असतो. तरी समोरून ते मराठी नऊवारीसारखे दिसत नाही. दुसरे उदाहरण अगदी आजचे आहे. शिंपी सहा वारांच्या साडीतूनही 'नऊवारी' शिवून देतात. कापड सहा वारांचे, रूप मात्र कासोट्याचे. चित्रातील कापडाची लांबी मोजता येत नाही, ही तक्रार म्हणूनच फारशी गंभीर नाही. ती मोजता आली असती तरी प्रश्न सुटला नसता.

काठाची वाट

दोन्ही पद्धतींतील दृश्य भेद समजण्यासाठी साडीच्या खालच्या काठाचा मागोवा घेणे सोयीचे आहे. सहावारी नेसताना आत परकर असतो आणि त्याची नाडी कमरेला आवळलेली असते. साडीचे आतील टोक उजव्या बाजूला परकरात खोचून कापड कमरेभोवती एक वेढा घेते. मग समोर निऱ्या घालून त्या नाभीजवळ परकरात खोचल्या जातात आणि उरलेले कापड पुन्हा पाठीमागून फिरून छातीवरून डाव्या खांद्यावर पदर म्हणून जाते. या सर्व क्रियेत साडीचा खालचा काठ जमिनीला समांतर राहतो. तो पावलांभोवती एक वर्तुळ काढतो. साडीची रुंदी साधारण ४५ ते ४७ इंच असते. तीच कमरेपासून पावलापर्यंतची उंची बनते आणि जास्तीचे कापड कमरेत खोचले जाते. दोन्ही पाय एकाच आवरणात येतात. मागून पाहिल्यास एक सलग, उभट पृष्ठभाग दिसतो व त्याच्या तळाशी काठाची एक आडवी रेघ दिसते.

नऊवारीत परकर नसतो. लुगडे कमरेमागून पुढे आणून त्याच्या वरच्या काठांची नाभीजवळ गाठ मारली जाते. सारे नेसणे या गाठीवर तोलले जाते. पदराकडील बाजू कंबरेला वेढा देऊन खांद्यावर जाते. गाठीजवळ उरलेल्या कापडाच्या निऱ्या समोर घेऊन खोचल्या जातात. तेथे जो फुगीर भाग तयार होतो त्याला ओचा म्हणतात. यानंतरची पायरी निर्णायक आहे. निऱ्यांच्या तळाचा मधला काठ, किंवा काही पद्धतींत लुगड्याचे आतले टोकच चुण्या करून, दोन पायांमधून मागे नेले जाते आणि पाठीच्या मध्यावर कमरेत खोचले जाते. हाच कासोटा अथवा काष्टा.

या एका क्रियेने काठाची दिशा बदलते. जो काठ घोट्याभोवती आडवा होता, त्याचा एक भाग पायांमधून वर चढून कमरेपर्यंत पोहोचतो. त्यामुळे मागील बाजूस काठाची उभी रेघ दिसते, आणि त्या रेघेकडे दोन्ही मांड्यांवरून येणाऱ्या तिरप्या चुण्या झुकलेल्या असतात. पायांची दोन स्वतंत्र रूपे दिसू लागतात. रुंद आणि भिन्न रंगाच्या काठांची लुगडी नऊवारीत विशेष खुलतात, त्याचे कारण येथे सापडते. सहावारीत असा काठ पावलांपाशी पडून राहतो. नऊवारीत तोच पोटरीवरून, पाठीच्या मध्यावरून फिरतो आणि आकृतीचे विभाजन करतो.

दुसरा परिणाम उंचीचा आहे. पायांमधून वर नेलेले कापड आपल्याबरोबर आजूबाजूचे कापडही वर ओढते. म्हणून लुगड्याची कड पायाच्या बाहेरील बाजूस खाली आणि आतील बाजूस वर जाते. चालताना आतील घोटा, कधी पोटरीही दिसते. ही उंची किती ठेवायची हे कासोटा किती घट्ट ओढला यावर आणि नेसणारीच्या कामावर अवलंबून असते. कोळी स्त्रियांचे नेसणे गुडघ्यापर्यंत आखूड व घट्ट असते, शेतात चिखलणीला उतरलेली स्त्री कडा वर खोचून घेते, तर ब्राह्मणी पद्धतीत कड घोट्यापर्यंत येते. सर्वांत कासोटा समान असल्याने ती एकाच कुळातील नेसणी ठरतात. सहावारी वर खोचल्यास प्रथम आतला परकर दिसतो. हीदेखील ओळखीची एक साधी खूण आहे.

तीन वारांचे काय झाले, हा प्रश्न येथे विचारण्याजोगा आहे. सहावारी नेसणाऱ्या स्त्रीने कापड वाचविले, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्ण खरा नाही. परकराला सुमारे दोन ते अडीच मीटर कापड लागते. म्हणजे नऊवारीत जे कापड उघडपणे शरीराला वेढून नेसणे सावरत होते, त्याच्या जवळजवळ इतकेच कापड सहावारीत आत, शिवलेल्या स्वरूपात, दृष्टीआड गेले. गाठीचे काम नाडीने घेतले आणि कासोट्याचे काम परकराने. सहावारीचा दर्शनी साधेपणा अशा रीतीने एका न दिसणाऱ्या वस्त्रावर उभा आहे. सहावारीची कंबर चित्रात सपाट व एकसारखी दिसते आणि नऊवारीची गाठ व ओच्यामुळे समोर उंच झालेली दिसते, यामागचे कारणही हेच.

समोरून काय दिसते

पाठ दिसत असेल तर निर्णय सोपा आहे. प्रश्न समोरून काढलेल्या चित्रांचा आहे, आणि बहुसंख्य चित्रे तशीच आहेत. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्म्याच्या शिळाछापखान्यातून घरोघरी पोहोचलेली लक्ष्मी याचे चांगले उदाहरण होय. कमळावर उभी असलेली ही देवी प्रेक्षकाला सन्मुख आहे. तिच्या साडीच्या निऱ्या समोर पडलेल्या आहेत. पाठ दिसण्याचा प्रश्नच नाही. या चित्रावरून देवी सकच्छ नेसली आहे की गोल, असा वाद घालणे म्हणजे चित्राने न दिलेली माहिती त्याच्यावर लादणे होय. चित्रकाराला देवीची पाठ रंगवायची नव्हती, एवढेच येथे निश्चित म्हणता येते.

तरीही समोरच्या चित्रातून काही खुणा मिळतात. निऱ्यांचा तळ ही पहिली खूण. सहावारीच्या निऱ्या कमरेपासून सरळ उतरून पावलांजवळ पंख्यासारख्या पसरतात आणि त्यांच्या कडा मोकळ्या असतात. नऊवारीत निऱ्यांचा तळ मागे ओढला गेल्याने त्या खाली पसरत नाहीत. गुडघ्यांच्या खाली त्या आत वळताना दिसतात. दुसरी खूण ओच्याची. सहावारीच्या निऱ्या कमरेत सपाट बसतात, तर ओच्यामुळे पोटावर एक उठाव येतो. स्त्रिया त्यात सुपारी, किल्ल्या, सुटे पैसे ठेवीत, तेव्हा हा उठाव अधिकच स्पष्ट होई.

तिसरी खूण बसलेल्या स्त्रीच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते व तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. खुर्चीवर बसल्यावर सहावारीचे कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत ताणले जाते; मांडीवर एक सलग पट्टा तयार होतो आणि त्यावर हात ठेवले की ते कापडाच्या एकाच तलावर टेकतात. नऊवारीत दोन गुडघ्यांच्या मध्ये कापड खाली बसते, कारण प्रत्येक पाय स्वतंत्र वेढलेला असतो. छायाचित्रात या ठिकाणी उभी सावली पडते. कृष्णधवल छायाचित्रात काठाचा रंग हरवतो, परंतु ही सावली टिकून राहते. मांडी घालून जमिनीवर बसलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र ही खूण उपयोगाची नाही. तेथे दोन्ही नेसणी जवळजवळ सारखीच दिसतात.

पदराचा विचार या संदर्भात मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो सर्वांत अधिक दिसतो आणि सर्वांत कमी सांगतो. दोन्ही खांद्यांवरून पदर घेणे, डोक्यावर घेणे, कमरेला खोचणे या गोष्टी वय, नाते, प्रसंग आणि काम यांनुसार बदलत. घरातील वडील मंडळींसमोर एक रीत आणि विहिरीवर दुसरी. या रीती सहावारी नेसणाऱ्यांनीही चालू ठेवल्या. त्याचप्रमाणे चोळी की पोलके, यावरूनही नेसणे ठरत नाही. समोर गाठ मारण्याच्या चोळीऐवजी बटणांचे पोलके आले, तरी खाली लुगडे कायम राहिल्याची उदाहरणे कितीतरी घरांत सापडतील. वरचा वेश आणि खालचा वेश एकाच वेगाने बदलले नाहीत. म्हणून ज्या चित्रात कमरेच्या वरचाच भाग आला आहे, तेथे नेसण्याविषयी मौन पाळणे हाच योग्य मार्ग ठरतो.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण

या भेदामागील कारणे एका व्यक्तीच्या संदर्भात तपासून पाहता येतात. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई गोपाळ जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्याआधी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी जे जाहीर भाषण केले, त्यात परदेशी जाऊनही आपण हिंदूच राहू, अशी ग्वाही त्यांनी दिली. आहार व वेश हे त्या ग्वाहीचे सर्वांना दिसणारे अंग होते. धर्म मनात असतो. लुगडे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते.

परंतु ज्या नेसण्यात त्या वाढल्या होत्या, ते त्या हवेत व त्या समाजात अडचणीचे होते. नऊवारीत पोटऱ्या आणि कमरेचा भाग उघडा राहतो. फिलाडेल्फियाच्या थंडीत हा आरोग्याचा प्रश्न होता, आणि जेथे स्त्रीचा घोटाही वस्त्राखाली झाकलेला असे तेथे तो शिष्टाचाराचाही प्रश्न होता. पाश्चात्त्य पोशाख स्वीकारणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे. यातून आनंदीबाईंनी जो मार्ग काढला, तो नेसण्याच्या इतिहासात लक्ष वेधून घेणारा आहे. त्यांनी साडी सोडली नाही. नेसण्याची पद्धत बदलली. त्यांनी गुजराती पद्धतीने गोल साडी नेसण्यास सुरुवात केली. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासातून हा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे.

या निर्णयाकडे दृश्य भेदाच्या अंगाने पाहिले असता त्याचे बारकावे लक्षात येतात. कासोटा काढताच खालचा काठ पुन्हा आडवा होऊन पावलांपर्यंत येतो. पोटऱ्या झाकल्या जातात. मुख्य म्हणजे आत परकर आणि थंडीसाठी आणखी वस्त्रे घालण्यास जागा मिळते. सकच्छ नेसण्यात कापड पायांना लगटून जात असल्याने घेरदार परकर आत बसूच शकत नाही. गुजराती पद्धतीत पदर पाठीमागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो व त्याची रुंदी छातीवर पसरते. त्याचे टोक डाव्या कमरेला खोचले जाते. त्यामुळे धडाचा समोरचा भागही अधिक झाकला जातो. अमेरिकन सहाध्यायिनींना हा वेश 'हिंदू स्त्रीचा वेश' म्हणूनच दिसला असणार. पुण्या-कल्याणकडील नातलग स्त्रीला मात्र तो परप्रांतीय वाटला असता. ज्या वेशाने एका समाजात सातत्य दाखविले, त्यानेच दुसऱ्या समाजात बदल दाखविला.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेले आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांचे एकत्रित छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या वेशात आहेत, असा मजकूर त्याबरोबर नेहमी दिला जातो. देशाच्या वेशात, हे मान्य; परंतु आनंदीबाईंच्या बाबतीत 'मराठी वेशात' असे म्हणताना थांबावे लागते. हे चित्र समोरून घेतलेले आहे आणि पाठीचा पुरावा त्यात नाही. पत्रांतून मिळणारी माहिती नसती, तर केवळ मराठी नाव आणि साडी यांवरून अभ्यासक त्यास नऊवारी म्हणून मोकळा झाला असता. चित्र व कागद एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण आहे.

याच्या सुमारे दोन दशके अगोदर, सत्येंद्रनाथ टागोर सनदी सेवेत मुंबई इलाख्यात नियुक्त असताना, त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईत पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची पद्धत पाहून तीत फेरफार केले आणि ती बंगालमध्ये नेली. बंगालमध्ये तिला मुंबईच्या रिवाजाचे नाव मिळाले. तीत परकर आणि पोलके होते, कासोटा नव्हता. म्हणून बंगाली साधनांत मुंबई पद्धतीच्या साडीचा उल्लेख आला, की मराठी लुगडे डोळ्यांपुढे आणणे चुकीचे ठरते. १८६० ते १८९० या काळात पश्चिम भारतातून बाहेर गेलेल्या या दोन्ही स्त्रियांनी मराठी नेसणे बाजूस ठेवले, हा केवळ योगायोग नव्हे. घराबाहेरच्या नव्या जागांत, म्हणजे आगगाडीत, खुर्चीवर, सभेत आणि परकीयांसमोर, पायांचे दोन आकार दिसू नयेत ही अपेक्षा बलवान होती. परकराने ती पुरी केली.

कालनिर्णयातील धोका

वरील विवेचनावरून कोणी असे सूत्र काढील की, नऊवारी दिसली म्हणजे चित्र जुने आणि सहावारी दिसली म्हणजे नवे. घरगुती छायाचित्रांचा काळ ठरविताना हे सूत्र वारंवार वापरले जाते आणि वारंवार फसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांत आजी नऊवारी आणि नात गोल पातळ अशी स्थिती एकाच वेळी होती. काही घरांत शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी गोल नेसे आणि लग्नानंतर सासरी तीच मुलगी नऊवारी नेसू लागे. अशा स्त्रीची दोन छायाचित्रे हाती आली आणि वरील सूत्र लावले, तर अनुक्रम उलटा लागेल : नववधू आपल्या कॉलेजातील स्वतःपेक्षा जुनी ठरेल. सणावारी, मंगलकार्यात व सोवळ्यातील स्वयंपाकात एरवी सहावारी नेसणारीही नऊवारीकडे वळे. तेव्हा नेसण्यावरून काळ ठरविण्याऐवजी प्रसंग, नाते आणि घराची रीत यांविषयी प्रश्न विचारणे अधिक फलदायी होते.

एका समूहचित्राचे वाचन कसे करावे, हे क्रमाने पाहता येईल. अंगणात घेतलेल्या नेहमीच्या कौटुंबिक चित्रात पुढे मुले जमिनीवर, मधल्या रांगेत वडीलधारी मंडळी खुर्च्यांवर आणि मागे सुना व लेकी उभ्या असतात. मागच्या रांगेतील स्त्रियांचे कमरेखालचे काहीच दिसत नाही. त्यांना निर्णयातून वगळावे. मधल्या रांगेतील स्त्रियांच्या गुडघ्यांमधील सावली पाहावी. तेथे खोलगट उभी घडी असेल आणि पावलांजवळ कड तिरपी असून घोटे दिसत असतील, तर नेसणे सकच्छ मानण्यास हरकत नाही. यांपैकी एकच खूण असेल तर निर्णय राखून ठेवावा, कारण खुर्चीवर बसताना सहावारीची कडही वर सरकते. रांगेच्या टोकाला उभी असलेली एखादी स्त्री अर्धवट वळलेली असते. तिच्या पाठीचा थोडासा भाग दिसतो. चित्रातील सर्वांत मोलाचा पुरावा पुष्कळदा अशा दुर्लक्षित कोपऱ्यातच मिळतो. मांडीवर मूल असल्यास मात्र सर्वच खुणा झाकल्या जातात, आणि तशी चित्रे फार आहेत.

याउलट चित्रकाराला नेसणेच दाखवायचे असते, तेव्हा तो स्त्रीला वळवितो. ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथासाठी एम. व्ही. धुरंधर यांनी रंगचित्रे काढली. अशा संग्रहांत प्रत्येक जातीजमातीचा एक नमुना उभा करण्याचा हेतू असतो. वेशाचे तपशील त्यांतून मिळतात हे खरे. परंतु नमुना ठळक करण्यासाठी चित्रकार कासोटा, काठ, पोटरी यांवर भर देतो. छायाचित्रात फरक लपतो, तर नमुनाचित्रात तो वाजवीपेक्षा अधिक उठून दिसतो. दोन्हींचा तोल सांभाळूनच ही साधने वापरावी लागतात.

शिवलेली नऊवारी

आजच्या अभ्यासकापुढे एक नवी अडचण आहे. लग्नसमारंभ, शोभायात्रा, नाटके आणि चित्रपट यांतून दिसणारी नऊवारी बहुतांश शिवलेली असते. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'बाजीराव मस्तानी' या हिंदी चित्रपटानंतर बाजारात 'पेशवाई', 'मस्तानी' अशी नावे सर्रास दिसू लागली. ही व्यापारी नावे आहेत. अठराव्या शतकातील नेसण्याचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाहीत. शिवलेल्या नऊवारीत कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक असते, पायांचे दोन भाग सलवारीप्रमाणे जोडलेले असतात आणि निऱ्या कायमच्या टाकलेल्या असतात.

डोळ्यांना ती लगेच ओळखता येते. नेसलेल्या लुगड्यात नाभीजवळच्या गाठीमुळे ओचा किंचित एका बाजूला झुकतो, चालताना निऱ्या सैल होतात, स्त्री अधूनमधून त्या सारख्या करते आणि दोन्ही पायांवरच्या चुण्या कधीच एकसारख्या नसतात. शिवलेल्यात दोन्ही पाय आरशात पाहिल्यासारखे समान असतात, ओचा सपाट किंवा नाहीसाच झालेला असतो, आणि कासोट्याचा काठ कमरेपर्यंत जराही न वळता सरळ जातो. कासोटा खोचलेला असेल तर कमरेशी त्याच्या चुण्या एकत्र होऊन वरचे टोक बाहेर डोकावते. शिवलेला असेल तर तेथे टाक्याची आडवी रेघ असते. दस्तऐवजीकरणासाठी आज छायाचित्रे घेणाऱ्यांनी समोरच्या प्रत्येक चित्राबरोबर पाठीमागचे एक चित्र घेतले, तर ही रेघ आहे की नाही हे पुढच्या अभ्यासकाला शोधत बसावे लागणार नाही.